स्लॅक-डिस्कॉर्डवरच्या कामाच्या ग्रुपमध्ये नुसतं वाचत बसू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात इन्फ्रा टीममध्ये काम करते, आणि ऑफिसमधली नवीन मुलं दर दोन-चार महिन्यांनी हेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. उदाहरणं सगळी कुबरनेटीसच्या, म्हणजे कंटेनर चालवायच्या सिस्टिमच्या, स्लॅकची आहेत कारण मी रोज तिथेच असते, लाखाहून जास्त लोक आहेत तिथे, आणि बहुतेक जण जॉइन झाल्यावर एक अक्षर टाइप करत नाहीत. मीही जवळजवळ वर्षभर तशीच होते. तुमचं क्षेत्र डेटा असो, डिझाइन असो की टेक्निकल रायटिंग, पद्धत बरीचशी हीच लागू पडेल.

जॉइन तर झालो, पण चॅनल्स शेकड्यांनी आहेत. सुरुवात कुठून करू?

`slack.k8s.io` वरून इन्व्हाइट मिळतं, आत गेलात की पहिल्याच दिवशी लोक पंधरा-वीस चॅनल्स जॉइन करतात आणि आठवड्याभरात सगळी म्यूट करून टाकतात. तसं करू नका. एकच चॅनल धरा. नवीन असाल तर `#kubernetes-novice`, रोजचं काम यातच असेल तर `#kubernetes-users`, आणि एखादं ठरावीक टूल वापरत असाल तर त्याचं चॅनल, ते तर सगळ्यात बरं, कारण तिथे माणसं कमी असतात आणि नावं लवकर ओळखीची होतात.

पहिला आठवडा फक्त वाचा, पण लक्ष देऊन. कोण उत्तरं देतं, कशाला उत्तर मिळतं, कुठला प्रश्न तसाच पडून राहतो. दोन-तीन दिवसांत लक्षात येतं की चॅनल चालवणारी माणसं मोजकीच आहेत, सात-आठ असतील, बाकी सगळे येतात आणि जातात. त्या सात-आठांना काय आवडतं आणि कशाने ते वैतागतात हे कळलं की निम्मं काम झालं.

ओळख करून देणारा मेसेज टाकायलाच हवा का?

तसं चॅनल असेल तर टाका, तीन ओळींचा. काय काम करता, सध्या कशात अडकलाय किंवा काय शिकताय, आणि कशात मदत करू शकाल. 'मी उत्साही आहे, सगळ्यांकडून शिकायला उत्सुक आहे' या छापाच्या मेसेजला लोक हात हलवणारा इमोजी देतात आणि पुढे जातात, त्यात धरायला काही नसतं. त्यापेक्षा 'तीन नोड्सचा क्लस्टर आहे, इन्ग्रेसवरून गेटवे एपीआयवर जायचं चाललंय' असं लिहिलं तर त्याच वाटेवरचा कोणीतरी थांबतो. चॅनल नसेल तर ओळख सोडून द्या, कामाच्या चॅनलमध्ये ओळख टाकू नये.

प्रश्न विचारला पण कोणीच उत्तर दिलं नाही. माझंच काही चुकलं का?

बहुतेक वेळा प्रश्न चुकीचा नसतो, त्यात उत्तर देणाऱ्याला हात घालायला जागाच नसते. माझाच पहिला प्रश्न सांगते. एक जावा सर्व्हिस होती, लॅपटॉपवर मस्त चालायची आणि क्लस्टरमध्ये दर चाळीसेक मिनिटांनी पॉड रीस्टार्ट. मी लिहिलं, 'हाय, माझा पॉड सारखा रीस्टार्ट होतोय, कोणाला कल्पना आहे का?' सहा तास झाले, एकही रिप्लाय नाही. मला वाटलं लोक नवीन माणसाला भाव देत नाहीत. पण रीस्टार्टची कारणं पन्नास असतात, आणि जो मदत करणार त्याला आधी माझ्याकडून पाच गोष्टी विचारून काढाव्या लागल्या असत्या, एवढा वेळ कामाच्या दिवसात कोणाकडे असतो.

दुसऱ्या दिवशी `kubectl describe pod` चालवून बघितलं आणि त्यातला हा तुकडा घेतला:

```
Last State:  Terminated
  Reason:    OOMKilled
  Exit Code: 137
```

आणि मग प्रश्न परत लिहिला. पहिल्या ओळीत नेमकं काय होतंय: जावाचा पॉड दर चाळीस मिनिटांनी OOMKilled होतोय, म्हणजे मेमरी पुरत नाही म्हणून मारला जातोय, लॅपटॉपवर होत नाही. मग वरचा तुकडा. मग सेटिंग: मेमरी लिमिट 512Mi, जावाला `-Xmx512m` दिलंय. मग काय करून बघितलं: लॉग `--previous` लावून बघितले, ॲप्लिकेशनची एरर काहीच नाही, मध्येच तुटतात. आणि शेवटी एकच प्रश्न: हीप जर 512 च्या वर जाऊच शकत नाही तर कंटेनर मारला का जातोय?

वीस मिनिटांत उत्तर आलं. 137 म्हणजे 128 अधिक 9, म्हणजे प्रोसेसला SIGKILL मिळालाय, आणि `-Xmx` फक्त हीपला आवर घालतो, जावाच्या प्रोसेसला त्याशिवाय मेटास्पेस लागते, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक लागतो, बफर्स लागतात, ते सगळं हीपच्या बाहेर. लिमिट आणि हीप सारखेच ठेवले तर हीप भरत आला की कंटेनर मरणारच. लिमिट 768Mi कर, `-Xmx` काढ आणि `-XX:MaxRAMPercentage=60.0` दे, म्हणजे हीपला साधारण 460 एमबी मिळतील आणि बाकीच्याला जागा राहील, असं त्याने सांगितलं.

दोन्ही प्रश्न एकाच अडचणीचे होते, माणूस तोच, चॅनल तेच. दुसऱ्यात उत्तर देणाऱ्याला काही विचारायची गरजच पडली नाही.

आणखी एक. विचारण्याआधी शोधा, पण चॅनलमध्येच शोधा:

```
in:#kubernetes-users OOMKilled java
in:#kubernetes-users "exit code 137" after:2025-01-01
```

जुना थ्रेड सापडला आणि त्याने काम झालं नाही तर त्याची लिंक प्रश्नात टाका आणि 'हे करून बघितलं, माझ्याकडे फरक असा असा आहे' एवढं लिहा. शोधून आलेल्या माणसाला लोक वेगळ्या नजरेने बघतात, हे मी नक्की सांगू शकते.

मी पाच मेसेज पाठवले तर चालतं ना? एकदम एवढं मोठं लिहायचं जमत नाही.

नको, एकच मेसेज. 'हाय', मग 'एक प्रश्न होता', मग अर्धं वाक्य, आणि एंटर चुकून दाबला म्हणून उरलेलं चौथ्यात, असं झालं की त्यातल्या तिसऱ्या मेसेजवर कोणी थ्रेड सुरू करतं, दुसरा पाचव्यावर, आणि उत्तर दोन ठिकाणी फाटतं. Preferences मध्ये Advanced खाली एंटरने मेसेज जाण्याऐवजी नवीन ओळ येईल असं सेटिंग आहे ते करून टाका, किंवा Shift+Enter ची सवय लावा. लॉग टाकताना तीन बॅकटिकमध्ये टाका, स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉटमधली एरर ना कॉपी करता येत ना नंतर सर्चमध्ये सापडत.

लॉग टाकायचे म्हणता, पण कंपनीचं काही बाहेर गेलं तर?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि हा कोणी विचारत नाही, म्हणून मीच घातलाय. सुरुवातीच्या काळात मी एकदा पूर्ण YAML फाइल पेस्ट केली, त्यात खाली एक Secret होतं. त्यातला पासवर्ड base64 मध्ये होता आणि मला तेव्हा वाटायचं की ते एन्क्रिप्टेड असतं. ते नसतं, कोणीही एका कमांडने उलटं करू शकतं. चार मिनिटांत लक्षात आलं, मेसेज डिलीट केला, पण तोपर्यंत किती जणांनी बघितला, कोणाच्या नोटिफिकेशनमध्ये गेला, काही कळायला मार्ग नाही. टीम लीडला लगेच सांगितलं आणि तासाभरात पासवर्ड बदलला. डिलीट करून गप्प बसले असते तर तो पासवर्ड चालूच राहिला असता.

तेव्हापासून पेस्ट करायच्या आधी साध्या एडिटरमध्ये घेते आणि चार गोष्टी बदलते: होस्टची नावं, आयपी, इमेज रजिस्ट्रीचा पत्ता (त्यात बहुतेकदा कंपनीचं नाव असतं), आणि टोकन-पासवर्डसारखं दिसणारं काहीही. नावं बदलताना सगळीकडे सारखीच बदला, एका ठिकाणी `api` आणि दुसरीकडे `service1` असं झालं तर उत्तर देणारा त्यातच चूक शोधत बसतो. आणि तरीही कधी चुकून गेलंच, तर क्रम लक्षात ठेवा: आधी डिलीट, लगेच टीमला सांगणं, मग बदलणं, आणि बदलल्याशिवाय सोडायचं नाही.

मला फार येत नाही, मग मी दुसऱ्याला उत्तर काय देणार?

इथेच बहुतेक लोक अडतात. त्यांना वाटतं बोलायचं म्हणजे उत्तर माहीत पाहिजे. पण वर मी सांगितलं ना, पहिल्या प्रश्नात काहीच माहिती नसते म्हणून लोक पुढे जातात, तर ती माहिती मागणं हेच एक काम आहे आणि ते करायला तज्ज्ञ असावं लागत नाही. माझी स्वतःची सुरुवात इथूनच झाली.

एक उदाहरण. कोणीतरी लिहिलं होतं की सर्व्हिसवर रिक्वेस्ट जातच नाही, टाइमआउट होतोय, पॉड तर चालू दिसतोय. मला कारण माहीत नव्हतं, पण एवढं माहीत होतं की सर्व्हिसच्या मागे पॉड लागलाय की नाही हे आधी बघतात. मी थ्रेडमध्ये लिहिलं, हे चालवून काय येतं ते टाकशील का:

```
kubectl get endpointslices -l kubernetes.io/service-name=api
```

त्याने टाकलं, तर एंडपॉइंट्सच्या कॉलममध्ये `<unset>`, म्हणजे मागे एकही पॉड नाही. मग मी सर्व्हिसचा सिलेक्टर आणि पॉडचे लेबल्स मागितले. सिलेक्टर `app: api`, पॉडवर `app: api-v1`. त्यालाच दिसलं, मी सांगायच्या आधी. एवढाच संवाद, चार मेसेज, पण त्या दिवसापासून चॅनलमध्ये माझं नाव दोन-तीन लोकांना माहीत झालं, आणि नंतर मी अडले तेव्हा त्यातलाच एक जण पहिला आला.

तर एक छोटी वही ठेवा, कुठल्या लक्षणाला काय विचारायचं. Pending असेल तर `describe` च्या शेवटचे Events. ImagePullBackOff असेल तर इमेजचं पूर्ण नाव आणि टॅग, आणि रजिस्ट्री प्रायव्हेट असेल तर सीक्रेट त्याच नेमस्पेसमध्ये आहे का. क्रॅश होत असेल तर `--previous` लावून लॉग. तीन-चार लक्षणं एवढीच पुरतात, चॅनलमधले निदान निम्मे प्रश्न त्यातच येतात असा माझा अनुभव आहे.

फक्त एक पथ्य. खात्री नसेल तर तसं लिहा, 'मला असं वाटतंय, तपासून बघ'. आणि प्रॉडक्शनवर काहीतरी डिलीट करायला लावणारं उत्तर, जे तुम्ही स्वतः कधी केलेलं नाही, ते देऊच नका.

उत्तर चुकलं आणि कोणी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं तर?

मेसेज डिलीट करू नका, नाहीतर खालच्या दुरुस्तीचा अर्थच लागत नाही. एडिट करा, वर लिहा की हे चुकीचं आहे, खाली अमुकने बरोबर सांगितलंय. ज्यांनी दुरुस्त केलं त्यांना थ्रेडमध्येच थँक्स म्हणा. लोक चूक विसरतात, ती कशी निस्तरली ते लक्षात ठेवतात.

इंग्लिश कच्चं आहे, लिहायची लाज वाटते.

या चॅनलमध्ये जर्मन आहेत, ब्राझीलचे आहेत, कोरियाचे आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणांचं इंग्लिश आपल्यासारखंच आहे. तांत्रिक प्रश्नात वाक्यं लहान ठेवली की व्याकरण फारसं आड येत नाही: काय व्हायला हवं होतं, काय होतंय, काय केलं. या तीन वाक्यांनंतर आउटपुटच बोलतं. एक सवय मात्र सोडा, आपण ऑफिसमध्ये 'सर', 'कृपया लवकरात लवकर', 'अर्जंट' असं लिहितो, ते तिथे नको. तिथे सगळे फुकट वेळ देतात, आपली अर्जन्सी ही आपली असते. आणि 'सर' लिहिलं की समोरचा जरा अवघडतो, त्यात ती बाई असेल तर आणखीनच.

उत्तर मिळालं, थँक्स म्हटलं. झालं ना?

नाही झालं. माझ्या मते गप्प मेंबर आणि खरा मेंबर यातला फरक इथेच दिसतो. थँक्सचा अर्थ 'करून बघतो' असाही असतो, 'झालं' असाही असतो, थ्रेड वाचणाऱ्याला कळत नाही. परत जा आणि लिहा.

माझ्या जावाच्या थ्रेडमध्ये मी दोन दिवसांनी लिहिलं: लिमिट 768Mi, `MaxRAMPercentage` 60, अठ्ठेचाळीस तासांत एकही रीस्टार्ट नाही, मेमरी 640 च्या आसपास थांबलीय. आणि मूळ प्रश्नावर हिरवी टिक, `:white_check_mark:`. थ्रेडमध्ये उत्तर असतं तेव्हा 'Also send to' ची चौकट टिक करायची गरज नाही, ते चॅनलमध्ये परत येतं आणि बाकीच्यांना त्रास होतो.

पंधरा दिवसांनी एका अनोळखी माणसाने त्याच थ्रेडमध्ये विचारलं, 'तुम्ही 60 च का घेतलं, 75 का नाही?' मी सांगितलं की आमच्या सर्व्हिसमध्ये जावाचे थ्रेड्स जास्त आहेत, दोनशेच्या वर, म्हणून हीपच्या बाहेर जागा जास्त लागते, तुझ्याकडे कमी असतील तर 75 ने चालेलही, मोजून बघ. तो माणूस सर्च करून तिथे आला होता. मी शेवटचा मेसेज लिहिला नसता तर त्याला अर्धवट थ्रेड मिळाला असता.

प्रश्न टाकायला चांगली वेळ कोणती?

आपण सकाळी दहाला टाकतो तेव्हा युरोप झोपलेलं असतं आणि अमेरिकेत रात्र असते, दुपारपर्यंत प्रश्न वर सरकून जातो. युरोपात सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. दुपारी एक-दोनच्या सुमारास टाका आणि संध्याकाळी सातला परत बघा, म्हणजे दोन्हीकडची माणसं सापडतात. शुक्रवारी रात्री टाकू नका. आणि टाकून गायब होऊ नका, पहिला उलट प्रश्न पंधरा-वीस मिनिटांत येतो, तेव्हा तुम्ही नसाल तर विचारणारा निघून जातो.

दिवसभर नोटिफिकेशन वाजत राहतात, काम कसं करायचं?

चॅनल म्यूट न करता सगळ्या मेसेजची नोटिफिकेशन बंद ठेवा, फक्त मेन्शनची येऊ द्या, आणि कीवर्ड लावा. Preferences, मग Notifications, तिथे My keywords मध्ये तुम्हाला ज्यातलं येतं ते शब्द स्वल्पविरामाने टाका. माझ्याकडे `OOMKilled, MaxRAMPercentage, endpointslice` एवढे तीनच आहेत. तुम्ही ज्या चॅनलमध्ये आहात तिथे ते शब्द आले की कळतं. `pod` किंवा `error` असा शब्द मात्र लावू नका, दिवसभर वाजत राहील.

मी दुपारी जेवणानंतर पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं देते, आठवड्यातून तीन-चार दिवस. त्यात एक थ्रेड जरी पुढे नेला तरी पुरे.

चांगली उत्तरं देणाऱ्याला डायरेक्ट मेसेज करू का?

न विचारता नको. ज्यांना सगळे ओळखतात त्यांच्याकडे असे मेसेज ढिगाने येतात, शिवाय डीएममध्ये दिलेलं उत्तर दुसऱ्या कोणाच्या कामाला येत नाही. थ्रेडमध्ये विचारा. खाजगी माहिती दाखवावी लागणार असेल तर थ्रेडमध्येच आधी 'डीएम केला तर चालेल का' असं विचारा. आणि ज्याने एकदा मदत केली त्याला पुढच्या प्रत्येक प्रश्नात टॅग करत राहू नका, हे आपल्याकडे फार होतं.

नोकरी शोधतोय, तसं लिहिलं तर चालेल?

त्यासाठी वेगळं चॅनल असतं, इथे `#kubernetes-careers` आहे, तिथेच. बाकी चॅनलमध्ये रेझ्युमे टाकू नका. तिथे लिहिताना तुमच्या सोडवलेल्या दोन थ्रेड्सच्या लिंक द्या, जोडीला त्या असल्या की वाचणारा उघडून बघतो.

डिस्कॉर्डवर काय वेगळं असतं?

मूळ गोष्टी त्याच, पण काही बारीकसारीक फरक आहेत. मेसेजची मर्यादा 2000 अक्षरं, त्यामुळे लांब लॉग बसत नाही, महत्त्वाच्या पंधरा-वीस ओळीच काढा. बऱ्याच सर्व्हरमध्ये मदतीसाठी फोरम चॅनल असतं, तिथे प्रत्येक प्रश्न स्वतंत्र पोस्ट असतो आणि त्याला शीर्षक लागतं, तर शीर्षकात 'मदत हवी' असं न लिहिता एररच लिहा. रिप्लाय केला की समोरच्याला आपोआप पिंग जातो, जुन्या मेसेजला उत्तर देताना रिप्लायच्या पट्टीवरचं @ ON बंद करता येतं.

आणि एक गोष्ट नक्की करा, सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हिटी शेअर करणं बंद ठेवा, नाहीतर कामाच्या सर्व्हरवर तुमच्या नावाखाली कुठला गेम चाललाय ते दिसत राहतं. प्रत्येक सर्व्हरवर वेगळं टोपणनाव ठेवता येतं, तिथे आपलं खरं नाव किंवा लोकांना उच्चारता येईल असं नाव ठेवा.

एवढं लिहून ठेवलं आणि उद्या मेसेजच गेले तर?

ही भीती खरी आहे. स्लॅकच्या फुकट प्लॅनवर फक्त मागच्या 90 दिवसांचे मेसेज दिसतात, आणि वर्षापेक्षा जुने पुसलेच जातात. जून 2025 मध्ये कुबरनेटीसचं स्लॅकही फुकट प्लॅनवर जाणार अशी घोषणा झाली होती, लोक घाईघाईने आर्काइव्ह काढायला लागले, मग थोड्याच दिवसांत स्लॅकने निर्णय बदलला आणि ते वाचलं. तुमच्या क्षेत्रातला छोटा ग्रुप फुकट प्लॅनवरच असेल ही शक्यता जास्त.

म्हणून सुटलेला प्रश्न मी त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून ठेवते. लक्षण काय होतं, कारण काय निघालं, कुठल्या कमांडने कळलं, काय बदललं, चारच ओळी, आमच्या टीमच्या विकीवर, नावं वगळून. तीच नोंद प्रोजेक्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये बसण्यासारखी असेल तर तिथे पुल रिक्वेस्ट टाकते आणि तिची लिंक मूळ थ्रेडमध्ये देते. जावाचा तो थ्रेड आमच्या विकीवर आहे अजून, मागच्या महिन्यात टीममध्ये आलेल्या मुलाला तिथूनच सापडला.